खिचडीच्या आधी वीस सेकंद

सुप्रभात मुलांनो. सगळे खाली बसा, दोन्ही हात समोर धरा आणि नखं बघा. कडेला काळी रेघ दिसते का? पावसाळ्यात वर्गातले बाक रिकामे होतात, त्यामागे बऱ्याचदा ही रेघ असते. जुलाब, टायफॉइड, एका प्रकारची कावीळ आणि जंत, या सगळ्यांचे जंतू किंवा अंडी विष्ठेतून हाताला लागतात आणि हातावरून तोंडात जातात. सर्दी-फ्लूचे विषाणू नाक पुसलेल्या हातावरून दाराच्या कडीवर, तिथून दुसऱ्याच्या हातावर येतात. मग तो डोळा चोळतो. डोळे येण्याची साथही अशीच पसरते, म्हणून कोणाचा रुमाल मागायचा नाही. डेंग्यू मात्र हात धुऊन टळत नाही. तिथे डासच रोखावे लागतात.

तुमच्यातले बरेच जण नळाखाली हात धरतात, झटकतात आणि पळतात. त्याने धूळ जाते, जंतू राहतात, कारण कातडीवर तेलकट थर असतो आणि जंतू त्यात चिकटून बसतात. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. चोळलं की थर सुटतो आणि जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. फ्लूच्या विषाणूचं आवरणच स्निग्ध असतं, ते साबणाने फाटतं. गरम पाणी लागत नाही.

आता माझ्यासोबत करा. हात ओले, नळ बंद, साबण. तळवे एकमेकांवर. मग हातांची मागची बाजू. बोटं एकमेकांत अडकवून बेचक्या. आता अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा. शेवटी बोटांची टोकं तळव्यावर घासा, म्हणजे नखांखाली फेस जाईल. सर्वांत जास्त राहून जातात ते अंगठे आणि बोटांची टोकं, आणि संत्र्याची फोड तोंडात टाकतो ती नेमकी त्यांनीच! हे सगळं मिळून वीस सेकंद. मनात सावकाश वीसपर्यंत मोजा. मग वाहत्या पाण्याने धुवा आणि स्वतःच्या स्वच्छ रुमालाने कोरडे करा. ओल्या हातांवरून जंतू सहज पसरतात. युनिफॉर्मला हात पुसलेत तर पुन्हा धुवा.

सॅनिटायझर आहे ना, असं सातवीतलं कोणीतरी म्हणेलच. मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर तो नीट चालत नाही आणि जंतांची अंडीही त्याने मरत नाहीत. शाळेत मिळणारी गोळी पोटातले जंत मारते, पण अंडी नखांखाली राहिली तर जंत पुन्हा होतात. म्हणून दर रविवारी नखं कापा.

शौचाहून आल्यावर, जेवणाआधी, शिंकल्या-खोकल्यावर, मैदानावरून आल्यावर आणि कुत्र्या-मांजराला हात लावल्यावर हात धुवायचेच.

आजपासून मधल्या सुट्टीत आधी पाचवी, मग सहावी, मग सातवी नळावर येईल. साबण जाळीच्या डबीतच परत ठेवा, पाण्यात राहिला तर विरघळून जातो. साबण संपत आला की वर्गप्रमुखाने लगेच ऑफिसात सांगायचं.