निरोपाची व्हीसी

नमस्कार. आवाज येतोय ना? हां, मॅडमनी अंगठा दाखवला. कुणाचा तरी माईक चालू आहे, कुकरची शिट्टी ऐकू यायली. राहू द्या, मला बरंच वाटतंय.

मॅडम, तुम्ही दोन मिनिटं म्हणालात, मी चार घेणार. उद्यापासून मला नोटीस काढता येत नाही तुम्हाला.

मुलीनं भाषण लिहून दिलंय. त्यात 'कृतज्ञतेचे दोन शब्द' आणि असं बरंच काही आहे. कागद खिशातच राहू द्यावा म्हणतो. आठही जिल्ह्यांतले लोक दिसायलेत इथं, दोनशेच्या वर आकडा दाखवतोय. यातल्या निम्म्यांना मी फक्त फोनवरच ओळखतो.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी, १९९४ ला, मी लातूरला विहिरींची पाणीपातळी मोजायच्या कामावर रुजू झालो. किल्लारीकडं तेव्हा माणसं पत्र्याच्या शेडात राहायची, आणि मी तिथं जाऊन विहिरीत पट्टी सोडायचो. एक म्हातारा म्हणाला, साहेब, घर पडलं आमचं, तुम्ही पाणी कशाला मोजायलाव? मला उत्तर आलं नाही. पाणी मात्र त्यानंच पाजलं, त्याच विहिरीचं.

तर ३१ वर्षांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगायची राहिलीय, कुणाला सांगितली नाही. आज सांगतो, पेन्शनची फाईल पुढं गेलीय म्हणून.

२०१६ चा मे. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं लातूरला, आठवतंय ना? एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा लोक स्टेशनवर फोटो काढायले होते. आमची मेची फेरी चालू. ऊन असं की पट्टीची कडी हातात धरवत नव्हती. एक निरीक्षण विहीर राहिली होती, शेवटची, रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. मी नवीन होतो असंही नाही, चांगली बावीस वर्षं झाली होती नोकरीला. गेलो नाही. चहाच्या टपरीवर बसून मार्चच्या आकड्यात दोन मीटर मिळवले आणि रजिस्टरला लिहिलं, १४.२०.

ऑक्टोबरला गेलो. त्या शेतातली आजी बांधावरच बसलेली. म्हणाली, मे महिन्यात आला नाहीस रे तू? मी म्हटलं, आलतो की. ती म्हणाली, आलतास तर मग खाली दगड वाजला असंल की, पाणी नव्हतंच.

घरी जाऊन रजिस्टर काढलं. विहिरीची खोली १३ मीटर. आणि मी पाणी दाखवलं होतं १४.२० वर. म्हणजे विहिरीच्या तळाच्याही खाली, खडकात! मांजऱ्यात शिरून मोजलं होतं जणू.

हसा, हसा. मी नाही हसलो तेव्हा. तिथं एकच शब्द लिहायचा होता, 'कोरडी'. तो शब्द जिल्ह्याला कळायला हवा होता त्या वर्षी. मी दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करून पाठवली, पण मे निघून गेला होता.

त्यानंतर अंदाजानं एकही आकडा लिहिला नाही. म्हणून आमचे गाडीवाले मामा माझ्यावर वैतागायचे. मामा, आहात ना व्हीसीवर? दिसत नाहीत. ते झोपले असतील, जेवणानंतर त्यांची वेळ असते.

आता कामाचं. उदगीरचा भाग ज्या ताईंकडं चाललाय, त्यांच्यासाठी. पट्टी मी साफ करून ठेवलीय, वजनाची कडी नवीन बसवलीय. सहा विहिरींच्या कठड्यावरची लाल खूण पुसट झालीय, पावसाआधी रंगवा, नाहीतर कठडा वजा करायचा कुठून ते कळणार नाही. दोन ठिकाणी शेजारी बोअर पडलेत. मोटार चालू असेल तर तासभर थांबा, मग मोजा. आणि शेवटच्या विहिरीवर सकाळी आधी जा, दुपारी तिचा कंटाळा येतो.

यंदा तर मेमध्येच एवढा पाऊस की शेवटची फेरी चिखलातून केली, गाडी दोनदा रुतली. त्या आजी आता नाहीत. सून भेटली. तिनं विचारलं, मामा, उद्यापासून कोण येणार? म्हटलं, एक ताई येतील. तर म्हणाली, पोरगीला चहा पाजीन मी.

ताई, तेवढा चहा घ्या.

बस, मॅडम. चार मिनिटं झाली बघा. जूनच्या पहिल्या रविवारी घरी वरण-बट्टी आहे, लातुरात असाल त्यांनी सगळ्यांनी या, फोन करायची गरज नाही. बाहेर पडायचं बटण... हां, हे लाल. दाबतो. रामराम.