आठ बाराची पनवती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ओंकार आमच्या गाडीला यायला लागला. ठाण्याहून वाशीला जाणारी ८:१२. आमच्या ग्रुपचं नावच 'आठ बारा'. तो कळव्याहून एक स्टेशन उलटा लोंबकळत ठाण्याला यायचा आणि रोज न चुकता लिहायचा, "आलो रे, दहा नंबर."

पहिल्याच दिवशी गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तन्मयने तिथल्या तिथे लिहिलं:

"भावा, तू पनवती आहेस काय रे?"

सगळ्यांनी हसून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या इमोजी टाकल्या, ओंकारने सर्वांत जास्त. मीही हसले. वर एक काम केलं, ज्याची मला आज लाज वाटते. मी यादी सुरू केली. मला याद्या करायला आवडतात, बारावीला वह्यांना समास आखणारी मी एकटीच. 'ओंकार + लेट' असं शीर्षक, खाली तारखा, आणि ती ग्रुपवर पिन केलेली.

यादी वाढत गेली. चौथी नोंद झाली तेव्हा तन्मयने ओंकारच्या फोटोचा स्टिकर बनवला, गळ्यात लिंबू-मिरची घातलेला. कधीकधी ओंकार सोबत असूनही गाडी वेळेवर यायची. तेव्हा कोणी काही लिहायचंच नाही. एकदा आफरीनने विचारलं तर तन्मयकडे उत्तर तयार होतं: "आज तो मागच्या डब्यात होता. रेंज कमी पडली." आणि ओंकार नसताना गाडी रखडली, तर "पाऊस होता, तो दिवस धरायचा नाही."

मीही तो दिवस धरला नाही.

सप्टेंबरअखेर यादीत नऊ तारखा होत्या आणि पहिल्या सत्र परीक्षेचा पहिला पेपर होता. सकाळी सातच्या आधीच ओंकारचा मेसेज आलेला:

"मी आधीच्या गाडीने पुढे जातोय. तुमचा पेपर नको बिघडायला 😄"

तन्मयने नमस्काराचे हात टाकले. "थोर आहेस."

आणि त्या दिवशी आमची गाडी रबाळे सोडून जी थांबली ती थांबलीच. लेडीज डब्यात एक काकू गवार निवडत होत्या, त्यांची पिशवी अर्धी झाली तरी गाडी हलेना. ग्रुपवर तन्मय:

"बघा! जाता जाता नजर लावून गेला 😂😂"

माझा अंगठा पिन केलेल्या यादीवर गेला. दहावी नोंद करायला. '२९ सप्टेंबर' एवढं टाइप करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, शीर्षकात ओंकार आहे आणि ओंकार गाडीत नाही. मी तारीख खोडली. पण विचार केला तो एवढाच, की शीर्षक बदलावं का.

ऋतुजाचा मानसशास्त्राचा पेपर होता. तिला गप्प बसवेना.

ऋतुजा: "डोकं चालवा जरा. २, ४, ६. हे आकडे माझ्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे टाका, मी हो-नाही सांगते. नियम ओळखा."

तन्मय: "८, १०, १२"
ऋतुजा: "हो"
तन्मय: "२०, २२, २४"
ऋतुजा: "हो"
तन्मय: "५०, ५२, ५४. झालं! दोनने वाढणारे सम आकडे."
ऋतुजा: "आकडे बसतात. नियम चुकला."

मी: "१, ३, ५"
ऋतुजा: "हो"
मी: "मग नुसतं दोनने वाढणारे. सम-विषम काही नाही."
ऋतुजा: "नाही."

आफरीन: "१, २, १००"
ऋतुजा: "हो"
तन्मय: "काहीही काय!!"
आफरीन: "६, ४, २"
ऋतुजा: "नाही"
आफरीन: "मग चढत्या क्रमाने कुठलेही तीन."
ऋतुजा: "बरोबर 👏"

ऋतुजाने सांगितलं की १९६० साली पीटर वेसन नावाच्या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना हाच खेळ दिला होता, आणि बहुतेकांनी तन्मयसारखंच केलं. आधी मनात नियम पक्का, मग त्याला 'हो' म्हणतील तेवढेच आकडे. आपला अंदाज मोडेल असा आकडा टाकायचं सुचतच नाही. "कन्फर्मेशन बायस. पाच मार्कांना नक्की येणार," ती म्हणाली. गाडी हलली. काकूंची गवार निवडून झाली होती.

पेपरात काय लिहिलं ते आता आठवत नाही. संध्याकाळी घरी, नौपाड्यात, मी ग्रुपवर 'लेट' हा शब्द शोधला. पट्टीवर पट्टी, नुसते मेसेज. मग 'वेळेवर' शोधला. एकही नाही. तीन महिन्यांत गाडी वेळेवर आल्याचं आमच्यापैकी एकानेही लिहिलं नव्हतं. का लिहील कोणी?

मग वेळेवर आलेले दिवस आणायचे कुठून? तेव्हा आफरीनचे अब्बू आठवले. कॉलेजात पाऊल टाकलं की तिला त्यांना "पोहोचले" असं कळवावंच लागतं, नाहीतर ते फोन करतात. मी तिच्याकडे ते सगळे मेसेज मागितले. तिने आधी शिव्या घातल्या, मग रात्री अकराला स्क्रीनशॉट पाठवले. नऊच्या आधी "पोहोचले" म्हणजे गाडी वेळेवर, नंतर म्हणजे लेट. आणि ओंकार होता की नव्हता, ते त्याच्या "आलो रे, दहा नंबर"वरून.

वही घेतली. समास आखला. चार खाने.

आमच्या गाडीचे एकूण ४८ दिवस. ओंकार सोबत असलेले ३६, त्यातले लेट ९. ओंकार नसलेले १२, त्यातले लेट ३.

छत्तिसात नऊ. बारात तीन. मी दोनदा भागाकार केला, जसं काही उत्तर बदलणार होतं.

माझ्या यादीतली एकही तारीख खोटी नव्हती. नऊच्या नऊ खऱ्या. मी फक्त बाकीचे ३९ दिवस लिहिलेच नव्हते.

वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि यादी अनपिन केली.

तन्मय: "आफरीन गेटवर गप्पा मारत बसते. तिच्या टायमाचा काय भरवसा?"
आफरीन: "१, २, १००"
तन्मय: "😐"

मग बराच वेळ ओंकार लिहितोय, थांबतोय, लिहितोय असं दिसत राहिलं.

ओंकार: "एक सांगू? ते बारा दिवस आहेत ना, त्यातले नऊ मी मुद्दाम आधीच्या गाडीने गेलोय. लेक्चर लवकर आहे असं सांगायचो."
ओंकार: "मलाही खरंच वाटायला लागलं होतं. इंडिकेटरवर उशीर दिसला की पोटात गोळा यायचा."
ओंकार: "घरी आईला पण विचारलं, माझ्या जन्माच्या दिवशी गाड्या बंद होत्या का 😄"

यावर कोणीही हसणारा इमोजी टाकला नाही. तन्मय तर ऑफलाइनच गेला. सकाळी पाहिलं तर स्टिकरवर 'हा मेसेज डिलीट केला आहे'. जुलैतला स्टिकर इतक्या उशिरा डिलीट होत नाही, म्हणून त्याने रात्री नवा पाठवून तोच डिलीट केला असावा. माफी मागायची ही पद्धत फक्त तन्मयच शोधू शकतो.

८:०४ ला मेसेज आला.

"आलो रे, दहा नंबर."

मी पुलावर होते. खाली गर्दीत तन्मय आणि ओंकार दिसले, शेजारी शेजारी उभे, काही न बोलता दोघंही इंडिकेटरकडे बघत. मी जिना उतरेपर्यंत गाडी आत शिरली. लेडीज डब्याकडे धावताना हातातला फोन थरथरला.

तन्मय: "वेळेवर. लिही गं."