लग्नाच्या वाढदिवशी तुला

सातारा, १२ मे २०२५

प्रिय सुमन,

आज आपल्या लग्नाला ४६ वर्षे झाली. तू गेल्यानंतरचा हा दुसरा वाढदिवस. पहाटे तुझ्या मोगऱ्याला पाणी घातले, ओंजळभर कळ्या निघाल्या, पण गजरा करताना माझ्या बोटांना गाठ काही जमली नाही, म्हणून त्या तशाच वाटीत घालून तुझ्या तसबिरीपुढे ठेवल्या आहेत. तू असतीस तर हसून दोरा माझ्या हातातून काढून घेतला असतास.

फडताळात तू केलेल्या गोड्या मसाल्याची बरणी अजून आहे. चिठ्ठीवरचे तुझे अक्षर पुसट झाले आहे आणि तळाशी जेमतेम दोन चमचे मसाला उरला आहे. तो आमटीत घालायला हात धजत नाही, मात्र रोज झाकण उघडून मी वास घेतो, हे मुलांना सांगितलेले नाही.

चहाचे आधण अजूनही दोन कपांचेच ठेवले जाते. साखर मात्र कमी केली आहे. तुला दिलेला तेवढा शब्द पाळला. संध्याकाळी कंदी पेढे आणीन, एक तुझ्यापुढे ठेवीन आणि अर्धा, रागावू नकोस, मी खाईन.

तुझाच,
मी