टोमॅटोच्या ठिबकबद्दल मुलाखतीसाठी विनंती

आदरणीय तुकाराम काका,
सा. न.

मी सायली, इयत्ता नववी. शाळेच्या शेती प्रकल्पासाठी मी ‘टोमॅटोचे ठिबक सिंचन’ हा विषय घेतला आहे. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी पाणी सोडण्याच्या वेळी तुमच्या रानात येऊन अर्धा तास बोलता येईल का? फवारणी किंवा तोडणी असेल तर पुढचा रविवारही चालेल.

मुख्य प्रश्न दोन आहेत. क्षार साचून ड्रीपर तुंबले, की ते कसे ओळखता आणि नळ्या कधी धुता? दुसरा, फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो त्याचा. पाणी कमी-जास्त झाले की फळाला कॅल्शियम पुरत नाही, असे वाचले आहे. मग फळधारणेनंतर पाण्याच्या पाळ्या कशा ठरवता?

एका ड्रीपरखाली डबा ठेवून 6 मिनिटांत किती पाणी पडते तेही मोजायचे आहे. आकड्याला 10 ने गुणले की तासाचे लिटर मिळतात. मोजपात्र मी आणीन, नळीला हात लावणार नाही. बोलणे रेकॉर्ड करू का, तेही सांगा. नको असेल तर वहीत लिहीन.

निरोप अथर्वजवळ दिलात तरी पोहोचेल, तो माझ्याच वर्गात आहे.

आपली नम्र,
सायली