सुलभास पत्र

५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुलभा,

मी मंदा. दहावी 'ब', खिडकीकडून दुसरा बाक. एवढ्यावर ओळख पटली नसेल तर आणखी एक खूण सांगते: तुझ्या जीवशास्त्राच्या वहीतला निम्मा मजकूर जिच्या अक्षरात आहे, ती.

आता पटली ना?

तुझा पत्ता नीलाने दिला. गेल्या वर्षी तुम्ही दोघी रेल्वेत अचानक समोरासमोर बसलात म्हणे. "अगं, तश्शीच आहे ती, फक्त चष्मा लागलाय," इति नीला. तिच्या साक्षीवर माझा फारसा भरवसा नाही, कारण तिला सगळे 'तश्शेच' दिसतात. मलाही ती तेच म्हणाली, आणि माझ्या घरी आरसा आहे.

तिने तुझा फोन नंबरही दिला होता. तो लावायचं मनात आलं नाही असं नाही. पण फोन वाजला की माणसाला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं. "अय्या, तू!" होतं, "किती वर्षांनी!" होतं, मग "बाकी काय विशेष?" आणि त्यानंतर दोघीही दुसरीने बोलायची वाट बघत बसतात. पत्राला अशी घाई नसते. अर्धं वाचून बाजूला ठेवता येतं, चार दिवसांनी पुन्हा काढता येतं, उत्तर द्यायचं की नाही ते निवांत ठरवता येतं. तेवढी मोकळीक तुला असावी असं वाटलं. आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात तू नाहीस हे बघितलं. फार काही गमावत नाहीयेस. सकाळी फुलांची चित्रं, रात्री चंद्राची, आणि मधल्या वेळात गुडघ्यांवरचे उपाय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझ्या डोक्यावर ओझं नको. इतकी वर्षं का लिहिलं नाही, हे मी विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस. तुझ्या वडिलांची बदली झाली, तू गेलीस, दोघी पत्रं लिहीत राहिलो. आधी पानंच्या पानं, मग एक पान, मग नुसतं कार्ड. आपलं भांडण झालं नव्हतं, कुणी कुणाला दुखावलंही नव्हतं. एकेकीचं आयुष्य भरत गेलं आणि पत्राला जागा उरली नाही, बस्स. तुझं शेवटचं कार्ड १९९१ चं आहे, माझ्याकडे अजून आहे. त्यात शेवटी लिहिलंयस, "सध्या गडबडीत आहे, सविस्तर नंतर लिहिते." तेव्हा हिशेबाने पाळी तुझीच आहे, आणि ते 'सविस्तर' यायचं राहिलंय. पण मी म्हटलं, आता वाट बघण्यापेक्षा आपणच मध्ये घुसावं.

परवा जुनी ट्रंक आवरताना ती जीवशास्त्राची वही निघाली. तुझी नव्हे, माझी. म्हणजे मजकूर माझा आणि आकृत्या तुझ्या. काय सौदा होता आपला! तू दोन्ही वह्यांत आकृत्या काढायच्या, मी दोन्ही वह्यांत मजकूर लिहायचा. बाईंच्या लक्षात आलं नसेल असं आपल्याला वाटायचं. आता वही नीट बघितली आणि हसूच आलं. जास्वंदीच्या उभ्या छेदाखाली लाल शाईत बाईंनी लिहिलंय, "आकृती उत्तम. काढणारीला शाबासकी द्यावी." द्यावी! म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं आणि त्या गप्प बसल्या. हा शेरा तेव्हा आपण वाचलाच नव्हता का गं? की वाचून काही कळलं नव्हतं?

त्याच पानावर कडेला एक निळसर काळपट पुसट पट्टा आहे. तो तुझ्या हाताचा. डावखुरी तू, लिहिशील त्या ओळीवरूनच हात पुढे सरकायचा, आणि ओली शाई करंगळीपासून मनगटापर्यंत लागायची. शाळा सुटताना तुझ्या उजव्या हातात दप्तर आणि डाव्या हाताची कड निळी, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ आहे. तुला बाकाच्या डाव्या टोकालाच बसावं लागायचं, नाहीतर आपली कोपरं एकमेकींवर आपटायची. तुला सांगते, तू गेल्यावर पुढे कॉलेजात कितीतरी दिवस मी बाकावर आपोआप उजवीकडे सरकून बसायचे. शेजारी बसणाऱ्या मुलीला वाटायचं, हिला माझा त्रास होतो की काय.

आणि आता मुद्द्याचा प्रश्न. खरं सांग, तुला हॅलेचा धूमकेतू दिसला होता का?

मार्च १९८६. आपण नववीत. पेपरात रोज धूमकेतूच्या बातम्या, आणि एका पहाटे बाईंनी सगळ्यांना शाळेच्या गच्चीवर बोलावलं. एक दुर्बीण, तीसेक पोरी आणि झोंबणारी थंडी. माझी पाळी आली तेव्हा मला एक काळं आभाळ आणि माझ्याच पापण्या दिसल्या. तू मात्र डोळा लावल्या लावल्या ओरडलीस, "दिसला! शेपटीसकट!" मग पुढच्या प्रत्येकीला दिसायला लागला. मी म्हटलं, मला नाही दिसला, तर मधल्या सुट्टीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. पुढे वाचनात आलं की त्या खेपेला तो खरोखरच फिका होता. फेब्रुवारीत तो सूर्याच्या सर्वांत जवळ असताना पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होती, त्यामुळे ऐन भरात तो कुणालाच धड दिसला नाही. तेव्हा शेपटीसकट म्हणजे जरा जास्तच होतं, सुलभा. आता कबूल करायला हरकत नाही, बाई रागावणार नाहीत.

धूमकेतूचं तेव्हापासून डोक्यात राहिलं ते राहिलंच. डिसेंबर २०२३ मध्ये तो सूर्यापासून सर्वांत लांब, नेपच्यूनच्याही कक्षेपलीकडे पोचला आणि परत फिरला. २०६१ च्या जुलैत पुन्हा सूर्याजवळ येईल. आपण नव्वदीच्या असू. दुर्बीण कुणी धरायची हा प्रश्नच आहे. पण एवढं थांबायचीही गरज नाही म्हणे. त्याने वाटेत सांडलेली धूळ दर ऑक्टोबरात पृथ्वीला लागते आणि मृगाच्या बाजूने उल्का पडताना दिसतात. या वर्षी २१ तारखेच्या आसपास मध्यरात्रीनंतर बघायचं, अमावास्याही त्याच सुमाराला आहे, म्हणजे आभाळ अंधारं. मी बघणार आहे. पत्र वेळेत मिळालं तर तूही बघ. आणि या वेळी खरं दिसेल तेवढंच सांग.

माझं ऐक. जिला कांद्याच्या सालीची पेशी काढताना घाम फुटायचा, ती आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच बघते. हसू नकोस. रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढायचा, लीशमनचा रंग द्यायचा, धुवायचा, वाळवायचा आणि डोळा लावायचा. मोजणी आता यंत्र करतं, पण यंत्राला काही वावगं वाटलं की काचपट्टी माणसाकडेच येते. तांबड्या पेशी गुलाबी, मधोमध फिक्या, त्यांना केंद्रक नसतं. पांढऱ्यांपैकी न्यूट्रोफिल म्हणून असतात, त्यांचं केंद्रक जांभळं, तीन-चार तुकडे बारीक दोऱ्याने जोडल्यासारखं. पहिल्यांदा ती पेशी बघितली तेव्हा मनात आलं, ही सुलभाने काढली असती तर एका दमात काढली असती, खोडरबर न वापरता. नोकरी मला आवडते. माणसांशी कमी बोलावं लागतं आणि तरी कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटतं.

घरी नवरा आहे, स्वभावाने गरीब, घोरण्याने श्रीमंत. मुलगी नोकरीला लागली, वेगळी राहते, रविवारी फोन करते आणि मी जेवले का ते विचारते. भूमिका कधी बदलल्या ते कळलंच नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडेच असते. तिची आठवण आता धड राहिलेली नाही. सकाळचं दुपारी विसरते, मलाही मधूनच "तुम्ही कोण?" म्हणते. पण गेल्या महिन्यात ती एकदम मला म्हणाली, "ती तुझी डावखुरी बरेच दिवसांत आली नाही. भांडलात की काय?" मी म्हटलं, नाही गं, गावाला गेलीये. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा मी तेच सांगितलं. मग नीलाला फोन लावला आणि तुझा पत्ता मागितला.

तुझ्याबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नाही, आणि नीलाकडून ऐकायचंही नाहीये. तूच सांग. चित्रं काढतेस का अजून? काढत नसलीस तर का सोडलीस? घरी कोण कोण आहे? तुझ्या धाकट्या भावाचं काय, जो आपल्या मागे मागे यायचा आणि गुपितं विकायचा? चिडलीस की अजून तशीच पुटपुटतेस का? आणि काही सांगण्यासारखं नसलं, किंवा सांगावंसं वाटत नसलं, तर तेही चालेल. सगळ्यांचीच वर्षं काही सरळ गेलेली नसतात. तू नुसतं "पत्र मिळालं" एवढं कळवलंस तरी माझं काम झालं. त्याच्यापुढे जायचं की नाही ते तुझ्यावर.

माझा पत्ता पाकिटाच्या मागे आहे, खाली फोन नंबरही लिहिलाय. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते. पण खरं सांगू? पत्रच आलं तर जास्त बरं वाटेल. तुझं अक्षर बघायचंय.

तुझी,
मंदा

ता. क. सोबत दहावीच्या वर्गाच्या फोटोची प्रत ठेवली आहे. मागच्या रांगेत नीलाच्या डावीकडे दोन वेण्यांची, मान खाली घातलेली मुलगी आहे, तिचं नाव कुणालाच आठवत नाहीये. ग्रुपवर त्यावरून आठवडाभर वाद चाललाय. निम्म्या जणी म्हणतात ती वर्षाच्या मध्यातच आली होती, निम्म्या म्हणतात ती 'अ' वर्गातली, चुकून फोटोत शिरली. माझी पक्की खात्री आहे की तुला माहीत असणार. नाव कळव, आणि कळलं तर ती 'अ'ची की 'ब'ची तेही. मी नीलाशी पैज लावून बसले आहे.