‘नांदती पडवी’ या नाटकातील ताराक्काच्या भूमिकेसाठी प्रस्तावपत्र

पाणवठा थिएटर्स
दादर (पश्चिम), मुंबई
दिनांक : ३ ऑगस्ट २०२६

प्रति,
श्रीमती वैजयंती आरोंदेकर
मुलुंड (पूर्व), मुंबई

आदरणीय वैजयंतीताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या कार्यालयात येऊन ‘नांदती पडवी’ची संहिता पूर्ण ऐकलीत आणि दुसऱ्या अंकानंतर चहा थांबवून पुढे वाचायला सांगितलेत, याचा आम्हा सर्वांना फार आनंद झाला. त्या बैठकीत आणि नंतर दूरध्वनीवर झालेले बोलणे तोंडी राहू नये, म्हणून या दोन अंकी नाटकातील ताराक्का या प्रमुख भूमिकेसाठी आपल्याला या पत्राने रीतसर निमंत्रण देत आहोत. तारखा, मानधन, श्रेय आणि कामाची व्यवस्था यांविषयी संस्था काय देऊ शकते आणि आपल्याकडून काय अपेक्षिते, ते खाली सविस्तर लिहिले आहे.

ताराक्का ही कणकवलीजवळच्या गावातली अडुसष्ट वर्षांची बाई असून नाटकातल्या अकरापैकी नऊ प्रवेशांत ती रंगमंचावर आहे. ती मालवणीतच बोलते. ‘रे झिला, पडवी इकलंस तर चांदणा खंय ठेवतलंस?’ यासारखी वाक्ये प्रमाण मराठीत आणण्याचा विचार दिग्दर्शिका अनघा यांनी पहिल्याच वाचनानंतर सोडून दिला. पहिल्या अंकाच्या शेवटचा प्रवेश सुमारे सात मिनिटांचा आणि जवळपास निःशब्द आहे. त्यात ताराक्का सुपातल्या आठळ्या सोलत बसते आणि घरातली माणसे तिच्यामागे वाटणीच्या कागदावर सह्या करतात. हा प्रवेश पेलणारी अभिनेत्री म्हणून अनघा यांनी प्रथमपासून आपलेच नाव घेतले होते, हे आपल्याला कळावे असे त्यांनी मुद्दाम सांगितले आहे.

तालमी गणपतीनंतर, सोमवार, २८ सप्टेंबर २०२६ रोजी सुरू होतील. पहिले तीन दिवस केवळ वाचनाचे असतील. १ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या काळात सकाळी ११ ते संध्याकाळी ६ या वेळेत उभ्या तालमी होतील. दुपारी १.३० ते २.१५ जेवणाची सुट्टी राहील आणि वाचनाचा पहिला सोमवार वगळता दर सोमवारी व दसऱ्याला तालीम नसेल. दिवाळीसाठी ६ ते ११ नोव्हेंबर हे दिवस मोकळे ठेवले आहेत. १२ नोव्हेंबरपासून सलग तालमी, १८ व १९ नोव्हेंबरला नेपथ्य, प्रकाश आणि वेशभूषेसह रंगीत तालमी, आणि शनिवार, २१ नोव्हेंबर २०२६ रोजी दुपारी ४ वाजता शुभारंभाचा प्रयोग असा बेत आहे. शुभारंभासाठी विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाकडे तारीख मागितली आहे. तारखांचे वाटप हाती येईपर्यंत नाट्यगृहाची खात्री कोणत्याच निर्मात्याला देता येत नाही. ती तारीख न मिळाल्यास त्याच शनिवार-रविवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात शुभारंभ करू. नाट्यगृह बदलले तरी २१ आणि २२ नोव्हेंबर हे दोन्ही दिवस आपण राखून ठेवावेत, ही विनंती.

त्यापुढे ३१ मे २०२७ पर्यंत किंवा पन्नास प्रयोग पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, आपण या नाटकाशी बांधील राहाल. प्रयोग प्रामुख्याने शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी होतील. महिन्यातून जास्तीत जास्त दोन प्रयोग गुरुवारी किंवा शुक्रवारी रात्री लावले जातील. पुढील महिन्याच्या तारखा आपल्याला प्रत्येक महिन्याच्या २० तारखेपर्यंत लेखी कळवू, आणि एकदा कळवलेली तारीख आपल्या संमतीशिवाय बदलणार नाही.

आपली सध्याची मालिका ऑक्टोबरअखेर संपेल असे आपण सांगितले आहे. मालिका लांबणे ही गोष्ट नवी नाही आणि त्यात आपला दोषही नसतो. पण दोन्हीकडच्या तारखा एकावर एक आल्या की ओढाताण कलाकाराचीच होते. म्हणून ऑक्टोबरमध्ये दर मंगळवारी आणि बुधवारी चित्रीकरणासाठी आपल्याला तालमीतून मोकळीक देण्याचे आम्ही मान्य करतो. त्या दोन दिवशी आपले प्रवेश वगळून तालीम होईल. मात्र १ नोव्हेंबरनंतर तालमी, शनिवार, रविवार आणि कळवलेले प्रयोग यांना प्राधान्य राहील, असे एक पत्र आपण मालिकेच्या निर्मितीसंस्थेकडून घेऊन या पत्राच्या स्वीकृतीसोबत द्यावे.

मानधनाचे दोन भाग आहेत. तालमींच्या संपूर्ण काळासाठी एकरकमी ₹६०,००० देण्यात येतील : त्यांपैकी ₹२५,००० आपली लेखी स्वीकृती मिळाल्यापासून तीन दिवसांत, ₹२०,००० दिनांक ३१ ऑक्टोबर रोजी आणि उरलेले ₹१५,००० शुभारंभाच्या दुसऱ्या दिवशी. प्रयोगांसाठी पहिल्या पंचवीस प्रयोगांना प्रत्येकी ₹९,००० आणि सव्विसाव्या प्रयोगापासून प्रत्येकी ₹१०,५०० नाईट राहील. एका दिवशी दोन प्रयोग झाल्यास दोन पूर्ण नाईट मिळतील. ‘दुसऱ्याला निम्मी’ हा प्रकार आमच्या संस्थेत नाही. प्रयोग आम्ही स्वतः लावलेला असो वा कंत्राटदाराला विकलेला असो, आपल्या नाईटमध्ये फरक पडणार नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण आणि डोंबिवली यांच्या बाहेरच्या प्रयोगांसाठी मुक्कामाच्या किंवा प्रवासाच्या दर दिवसामागे ₹१,००० भत्ता वेगळा दिला जाईल.

मध्यंतरात पाकीट हाती देण्याची जुनी पद्धत आपल्याला आवडते हे ठाऊक आहे. परंतु हिशेबाच्या सोयीसाठी आता नाईट प्रयोगानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत बँक खात्यात जमा केली जाते. आयकर नियमांप्रमाणे मानधनातून १० टक्के कर उगमस्थानी कापला जाईल आणि त्याचे प्रमाणपत्र आपल्याला वेळेवर मिळेल. शुभारंभाचे पाकीट मात्र प्रथेप्रमाणे नारळासोबत, नाईटव्यतिरिक्त, रंगपटातच मिळेल.

डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत दरमहा किमान सहा प्रयोगांची आम्ही हमी देतो. आमच्या कारणाने प्रयोग कमी झाले, तर कमी पडलेल्या प्रत्येक प्रयोगामागे निम्मी नाईट दिली जाईल. मार्चमध्ये परीक्षांमुळे प्रयोग विरळ होतात, त्यामुळे पुढच्या महिन्यांसाठी अशी हमी देणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. कळवलेला प्रयोग आम्ही ४८ तासांच्या आत रद्द केल्यास निम्मी नाईट, आणि आपण नाट्यगृहात पोहोचल्यानंतर तो रद्द झाल्यास, मग कारण विजेचे असो वा रिकाम्या खुर्च्यांचे, पूर्ण नाईट आपली राहील.

श्रेयाबाबत आपण जे सांगितलेत ते योग्यच आहे. जाहिरातीत जागा कमी पडली की पहिली कात्री कलाकारांच्या नावांना लागते, आणि मग कोणाचे नाव राहिले यावरून संबंध बिघडतात. म्हणून असे ठरवले आहे की वृत्तपत्रीय जाहिराती, फलक, तिकीटविक्रीची पाने आणि प्रयोगापूर्वीची उद्घोषणा या सर्व ठिकाणी कलाकारांच्या नामावलीत आपले नाव शेवटी, स्वतंत्र ओळीत, ‘आणि वैजयंती आरोंदेकर’ असे येईल. त्याचा टाइप इतर कोणत्याही कलाकाराच्या नावापेक्षा लहान असणार नाही. एका स्तंभात पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असलेल्या जाहिरातीत मात्र नाटक, नाट्यगृह आणि वेळ एवढाच मजकूर राहील. तिथे कोणाही कलाकाराचे नाव छापले जाणार नाही. पहिल्या फलकावर वापरायचे आपले छायाचित्र छपाईपूर्वी आपल्याला दाखवले जाईल.

नाटकाचे संपूर्ण चित्रीकरण करून ते दूरचित्रवाणीवर किंवा ऑनलाइन दाखवण्याचा हक्क या मानधनात धरलेला नाही. तसा प्रस्ताव आल्यास आपल्याशी वेगळा करार करू. प्रसिद्धीसाठी एकूण तीन मिनिटांपर्यंतची दृश्ये वापरण्याची परवानगी आपण द्यावी.

आता कामाच्या व्यवस्थेविषयी. आपल्या गुडघ्याचा त्रास लक्षात घेऊन तालमीसाठी माहीमला तळमजल्यावरचे सभागृह घेतले आहे. नेपथ्यात पडवी रंगमंचापासून चौदा इंच उंच असून तिला दोन पायऱ्या आहेत. डाव्या खांबाला प्रेक्षकांना न दिसणारी लाकडी पकड बसवली जाईल. संहितेत ताराक्का पाटावर बसते, तिथे नऊ इंच उंचीचे बैठे बाक करण्यास नेपथ्यकार तयार आहेत. त्यावर पटकूर टाकले की पाहणाऱ्याला फरक कळत नाही, हे आम्ही सुतारशाळेत बसून पाहिले आहे. धुराचे यंत्र वापरले जाणार नाही. शेवटच्या प्रवेशात समई खरोखर पेटते, त्या वेळी विंगेत अग्निशामक घेऊन एक बॅकस्टेज कर्मचारी उभा असेल.

प्रत्येक प्रयोगाच्या दीड तास आधी आपण नाट्यगृहात यावे. स्त्री कलाकारांसाठी वेगळा रंगपट ठेवला जाईल. तेथील स्वच्छतागृह प्रयोगापूर्वी आमचे व्यवस्थापक स्वतः तपासतील, कारण हे काम नाट्यगृहावर सोडून चालत नाही, असा आमचा अनुभव आहे. वेशभूषा, रंगभूषा आणि पांढऱ्या केसांचा टोप यांचा खर्च संस्थेचा. रात्री १०.३० नंतर संपणाऱ्या प्रयोगानंतर घरापर्यंत गाडी दिली जाईल. दौऱ्यात आपल्याला बसमध्ये पुढची बैठक आणि मुक्कामी स्वतंत्र खोली मिळेल. नाशिक आणि पुण्याच्या पलीकडे रात्रीचा प्रयोग असल्यास परतीचा प्रवास सकाळीच सुरू होईल. दिवसभर गाडी चालवलेल्या चालकाला पुन्हा रात्री घाटात घालणे आम्हाला मान्य नाही.

संपूर्ण चमूसाठी गट अपघात विमा घेतला जात असून त्यात आपले संरक्षण ₹१० लाखांचे असेल. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेने अंतर्गत समिती नेमली आहे आणि तिच्या सदस्यांची नावे तालमीच्या पहिल्या दिवशी सर्वांना लेखी दिली जातील.

दहाव्या प्रयोगापर्यंत आपल्या भूमिकेसाठी एक पर्यायी अभिनेत्री तयार ठेवली जाईल. आपण आजारी पडल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रावर दोन प्रयोगांपर्यंत निम्मी नाईट मिळेल. त्या काळात पर्यायी अभिनेत्रीने काम केले म्हणून भूमिकेवरील आपला हक्क कमी होणार नाही. मुदत संपण्यापूर्वी नाटक सोडायचे झाल्यास आपण, किंवा आपल्याऐवजी दुसरी निवड करायची झाल्यास आम्ही, ४५ दिवसांची लेखी सूचना द्यावी. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर केली असल्याने प्रमाणपत्रानंतर संवादात पदरची वाक्ये घालू नयेत. मालवणीचा एखादा शब्द आपल्याला खटकला, तर तो तालमीतच सांगावा. आपल्या कानावर आमचा अधिक भरवसा आहे. मतभेद झाल्यास आपण, अनघा आणि मी प्रथम एकत्र बसू. तरीही तोडगा न निघाल्यास दोघांनाही मान्य असलेल्या रंगभूमीवरील एका ज्येष्ठ व्यक्तीचा निर्णय घेऊ आणि त्यापुढील अधिकारक्षेत्र मुंबईच्या न्यायालयांचे राहील.

हा प्रस्ताव सोमवार, १७ ऑगस्ट २०२६ पर्यंत आपल्यासाठी खुला आहे आणि तोवर या भूमिकेसाठी अन्य कोणाशीही बोलणे केले जाणार नाही. अटी मान्य असल्यास सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती परत पाठवावी. एखादी अट बदलून हवी असल्यास समासात तसे लिहून पाठवावे, आम्ही तीन दिवसांत उत्तर देऊ. संहितेची बांधीव प्रत, मोठ्या टाइपात, या पत्रासोबत पाठवत आहे.

आपला स्नेहांकित,
श्रीधर कुडतरकर
निर्माता, पाणवठा थिएटर्स

सोबत : १. पत्राची दुसरी प्रत, २. संहिता, ३. नेपथ्याचा आराखडा

वरील प्रस्ताव मी वाचला असून त्यातील सर्व अटी मला मान्य आहेत.
वैजयंती आरोंदेकर (सही व दिनांक)