लाल मोर, पांढरा मोर

लघु अॅनिमेशनपट. दृश्य 4. अंदाजे दीड मिनिट, सेकंदाला 24 फ्रेम.

दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. एका खोलीचं घर, आत. रात्र. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा सुरू आहे, उद्या त्याच्या लग्नाच्या अक्षता.

अक्का, वय 13. उंच, काटकुळी. तिच्या सगळ्या रेषा सरळ, कोपरं टोकदार.
सिद्धू, वय 8. गोल. त्याच्यात एकही सरळ रेष नको, मान वळवली तरी पोट आधी वळतं.
आप्पा दिसत नाहीत, फक्त आवाज.

भिंतीपलीकडे आप्पांचा माग चालू आहे. खट्-खट्, खट्-खट्. मिनिटाला 120 ठोके धरलेत, म्हणजे दर 12 फ्रेमला एक. या दृश्यातली प्रत्येक हालचाल त्या ठोक्यावर पडायला हवी. माग थांबेपर्यंत संगीत नको.

(खोली. कोपऱ्यात पिंप, पिंपाच्या झाकणावर काठोकाठ भरलेली कळशी. प्रत्येक ठोक्याला कळशीतलं पाणी थरथरतं. हे आत्ताच दाखवून ठेवायचं, पण कॅमेरा तिथं रेंगाळू नये.)

(जमिनीवर दोन गाद्या, त्यांवर एकच चादर. चादरीची जमीन लाल, त्यावर पांढरा मोर. चादरीखाली अक्का. शेजारी सिद्धू पांढरी बाराबंदी घालून ताठ आडवा, हात अंगाला चिकटवलेले, नजर छताला. नंदीध्वजाची काठी आडवी ठेवावी तसा.)

अक्का: कापडं बदल.

सिद्धू: (ओठ न हलवता) न्हाई.

अक्का: बाराबंदी घालून कोण झोपतं बे?

सिद्धू: मी. सकाळी घालायला येळ लागतो. बारा गाठी हायेत.

अक्का: चुरगाळंल की.

सिद्धू: हललो तर चुरगाळंल. मी हलतच न्हाई.

(खट्-खट्. त्याच्या नाकावर डास बसतो. नाक हलतं, भुवई हलते, पायाचा अंगठा हलतो. बाकीचा सिद्धू दगड. तीन ठोके होल्ड. डास उडतो. सिद्धू श्वास सोडतो, पोट खाली बसतं.)

सिद्धू: थंडी वाजलालीय. चादर दे.

अक्का: अर्धी हाय की तुझ्यावर.

(वरून शॉट. चादर नव्वद टक्के अक्काकडे. सिद्धूच्या वाट्याला मोराच्या शेपटीचं एक पीस, तेही फक्त गुडघ्यावर.)

सिद्धू: ही अर्धी? शाळंत गणित शिकवलं न्हाई का तुला?

(तो दोन बोटांनी काठ धरून हळूच ओढतो. खट्: एक वीत इकडे. अक्का डोळे न उघडता ओढते. खट्: दोन वीत तिकडे. इकडे, तिकडे. आता दोघंही बरोबर मागाच्या ठोक्यावर ओढतायत, चादर धोट्यासारखी पळते. आठ ठोके. विनोद इथंच आहे, पण चेहरे गंभीर हवेत. कुणीही हसऱ्या डोळ्यांनी काढू नका.)

(विणलेला मोर प्रत्येक ओढीला मान वळवून ओढणाऱ्याकडे बघतो. फक्त मान. बाकीचा मोर कापडच राहू दे.)

सिद्धू: (उठून बसतो, बाराबंदी विसरला) सोड की! माझी हाय ही. आप्पा म्हनले, पांढरा मोरवाली सिद्धूची.

अक्का: (तीही उठते) पांढरा कुठला? मोर लाल हाय.

सिद्धू: पांढरा.

अक्का: लाल.

सिद्धू: आंधळी हायस का? पांढरा!

(क्लोजअप: चादर दोघांमध्ये उभी ताणलेली. अर्धा पडदा सिद्धूच्या बाजूनं: लालावर पांढरा मोर. कट. अक्काच्या बाजूनं: पांढऱ्यावर लाल मोर. जेकार्डची दुहेरी वीण आहे, एका बाजूला जो रंग जमिनीचा तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा. रंगकामात हे चुकलं तर दृश्यच बुडेल. दोन्ही बाजूंना मोराचं तोंडही उलट दिशेला येणार, तेही सांभाळा.)

अक्का: फाटली तर तू सांग आप्पांना.

सिद्धू: सोलापुरी हाय ती. आपन फाटू, ती न्हाई फाटायची.

(दोघं टाचा रोवून मागं झुकतात. चादर ताणते, मोर लांबट होतो, त्याचे डोळे बाहेर येतात. स्क्वॉश-स्ट्रेच हवा तेवढा, फक्त मोराला. ठोके: खट्-खट्, खट्-ख)

(अंधार. लाईट गेली. माग अर्ध्या ठोक्यात थांबला.)

(24 फ्रेम पूर्ण काळा पडदा, पूर्ण शांतता. त्या शांततेत दोघांचा आवाज एकदम केवढा तरी मोठा.)

दोघं: सोड म्हनलं ना!!

(दोघांनीही सोडली. अंधारात: धप्. धप्. मग कळशी लवंडल्याचा आवाज, आणि घळ-घळ-घळ. संपतच नाही.)

आप्पा: (पलीकडून) काय पडलं रे?

दोघं: काय न्हाई, आप्पा!

(मेणबत्ती पेटते. अक्काच्या हातात. उजेड खालून, नाकाची सावली कपाळापर्यंत. जमिनीवर पाणी, पाण्यात चादर, चादरीवर भिजून चपटा झालेला मोर. सिद्धू भिंतीला पाठ लावून बसलाय. बाराबंदी कोरडी, पण भाजलेल्या पापडासारखी.)

सिद्धू: (स्वतःकडे बघत, अगदी बारीक आवाजात) चुरगाळली.

(होल्ड. माग नाही, ठोका नाही. अक्का रिकाम्या कळशीकडे बघते, मग त्याच्याकडे.)

अक्का: नळ परवा येनार हाय. प्यायचं पानी होतं ते.

सिद्धू: तू सोडलीस.

अक्का: तू आधी सोडलीस.

(बोलता बोलता ती त्याच्या गाठी सोडवतेय. हातांचा क्लोजअप: एक, दोन, तिसरी गाठ अडकलेली, ती दातांनी सुटते. बाराबंदी ती जमिनीवर नीट घडी घालते, तळहातानं दाबते, स्वतःच्या गादीखाली सरकवते आणि वर बसते. हे सगळं भांडणाच्या सुरातच. चेहरा मऊ पडू द्यायचा नाही.)

अक्का: हलत न्हाई म्हनला होतास. आता मी हलत न्हाई. सकाळपर्यंत इस्त्री.

सिद्धू: तू जड हायस, बरं होईल.

(चापट. आवाज मागाच्या ठोक्यासारखा.)

(कट. चादर खोलीभर बांधलेल्या दोरीवर, टपटप गळतेय. मागं मेणबत्ती. एका बाजूला सिद्धू बनियनवर, कुडकुडत. दुसऱ्या बाजूला अक्का, गादीवर ठाण मांडून.)

सिद्धू: आता बघ. पांढरा हाय का न्हाई?

अक्का: लाल हाय.

सिद्धू: हिकडं येऊन बघ.

अक्का: मी हलनार न्हाई. तू ये.

(सिद्धू चादरीखालून वाकून तिच्या बाजूला येतो. मोराकडे बघतो. लाल. डोळे मिचकावतो. अक्काला राहवत नाही. ती बसल्या जागेवरून वाकून चादरीचा काठ उचलते, पलीकडची बाजू बघते. पांढरा. दोघं एकमेकांकडे बघतात. सहा फ्रेम.)

सिद्धू: लालच हाय की बे.

अक्का: डोळे फुटले का तुझे? पांढरा हाय!

(मोर वरून दोघांकडे बघतो, हताश होऊन मान पिसांत खुपसतो. एक थेंब अक्काच्या डोक्यावर.)

(दारातून आप्पांचा हात, फक्त कोपरापर्यंत. एक टॉवेल उडत येतो आणि दोघांच्या डोक्यावर पडतो.)

आप्पा: झोपा आता.

(लाईट येते. बल्ब दोनदा लुकलुकतो, माग कण्हतो, ठोका धरतो. खट्-खट्.)

(वरून शॉट. दोघं पाठीला पाठ लावून झोपलेली, डोळे मिटलेले. वर टॉवेल, गुडघ्यापर्यंतच पुरलेला. खट्: टॉवेल इकडे. खट्: तिकडे. घोरण्यासकट. इकडे. तिकडे.)

(फेड.)